फुटबॉलचे नवीन नियम एका पानावर आणताना माझा जूनचा महिना कसा गेला

2025 च्या जूनमधली गोष्ट आहे पण लिहायला आत्ता बसलोय, कारण परवा एका मित्राने विचारलं की त्यांच्या टीमला पण असा कागद करायचाय, सुरुवात कुठून करू. म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकतो.

मी कोल्हापूरचा. दहा-बारा वर्षं तालमीच्या टीमकडून खेळलो, गुडघा गेल्यावर आता लहान पोरांच्या बॅचला सरांना मदत करतो. म्हणजे बिब्स धुणे, बॉलला हवा भरणे, आणि इंग्रजीत काही आलं की वाचून सांगणे, ही तिन्ही खाती माझ्याकडे.

रविवारी 8 जूनला सरांनी ग्रुपवर नियमबदलाच्या नोटीसची एक पीडीएफ टाकली आणि खाली लिहिलं, "नवीन रूल आलेत, पोरांना समजंल असं एका पानात कर. जुना काय, नवा काय, कधीपासून. बास." ऐकायला दहा मिनिटांचं काम वाटतं. मला अठरा दिवस लागले.

आधी थोडं सांगतो हे नियम येतात कुठून. फुटबॉलचे नियम फिफा एकटी ठरवत नाही, आयफॅब म्हणून वेगळी संस्था आहे, तिची वर्षाची मीटिंग 1 मार्च 2025 ला बेलफास्टला झाली आणि तिथे 2025-26 चे बदल पास झाले. त्यांच्या पुस्तकात मागच्या बाजूला बदलांचा वेगळा भाग असतो, त्यात नवीन वाक्य, जुनं वाक्य आणि बदल का केला ते असं ओळीने दिलेलं असतं. आता तुम्ही म्हणाल मग काय उरलं, मराठी केलं की झालं. मला पण तसंच वाटलेलं.

पहिली चूक तिथेच झाली. मी पानापानावर जे जे अधोरेखित होतं ते सगळं टेबलात भरत गेलो. रात्री साडेअकराला बघतो तर चार पानं झालेली. मग पुस्तकाच्या सूचना नीट वाचल्या तेव्हा कळलं की नुसती शब्दांची दुरुस्ती असली तरी खाली रेघ असते, आणि खरा बदल असेल तिथे समासात वेगळी खूण असते. म्हणजे मी निम्म्या ठिकाणी "बदल" म्हणून जे लिहिलेलं त्यात मैदानावर काहीच बदलत नव्हतं, फक्त वाक्य नीट केलेलं. व्हीएआरचं, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायचं पण होतं, ते आमच्या मैदानावर काय कामाचं, उडवलं. शेवटी चाळणी लावली ती एवढीच: उद्या सकाळी मॅच आहे असं धरलं तर या नियमामुळे कुठल्या पोराला काही वेगळं करावं लागेल का? नाही तर कागदावर जागा नाही. गळत गळत तीन गोष्टी राहिल्या, चौथी नंतर बाहेरून आली.

सगळ्यात मोठी कीपरची. जुना नियम असा की कीपरने हातात बॉल सहा सेकंदापेक्षा जास्त धरला तर समोरच्या टीमला इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे थेट गोल मारता येत नाही अशी, जिथे धरला तिथूनच. नवा असा की आठ सेकंदापेक्षा जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये लिहिलं, "जुना: 6 सेकंद. नवा: 8 सेकंद." आणि स्वतःवर खूश झालो.

सरांनी वाचलं आणि म्हणाले, "म्हंजे सोपं केलं की रं कीपरला, दोन सेकंद वाढवून दिलेत." आणि चूक त्यांची नव्हती हो, कागद तसंच सांगत होता. प्रत्यक्षात उलटं आहे. सहा सेकंदाचा नियम कागदावर होता पण रेफ्री तो देतच नव्हते, कारण गोलसमोरच्या बॉक्सच्या आत इनडायरेक्ट फ्री किक म्हणजे सगळी टीम गोललाईनवर उभी, ढकलाढकली, पाच मिनिटं गेली. एवढी मोठी शिक्षा एवढ्याशा गोष्टीला कोण देणार. कॉर्नर द्यायला रेफ्रीला जड जात नाही, म्हणून आता तो दिला जाणार. त्यामुळे सेकंद वाढले तरी कीपरला मैदानावर वेळ कमीच मिळणार आहे.

हे शाबीत करायला मी 11 तारखेला संध्याकाळी प्रॅक्टिसला मोबाईलचं स्टॉपवॉच लावून आमच्या कीपरच्या मागे उभा राहिलो, त्याला न सांगता. तीन वेळा मोजलं. 11 सेकंद, 9 सेकंद आणि एकदा तर 14. तो बॉल पकडायचा, दोन पावलं जायचा, ग्लोव्ह्ज नीट करायचा, सगळ्यांना "वर जा, वर जा" करून ओरडायचा आणि मग किक. त्याला वाटत होतं आपण लवकर टाकतोय! तिन्ही वेळा कॉर्नर गेला असता.

मग त्या एका ओळीच्या जागी चार ओळी झाल्या. मोजायला सुरुवात कधी, तर रेफ्रीला वाटेल की बॉल आता कीपरच्या पूर्ण ताब्यात आहे तेव्हापासून. म्हणजे डाईव्ह मारून बॉल छातीखाली दाबलाय, समोरचा अंगावर पडलाय, तर त्याच क्षणी घड्याळ सुरू झालं असं नाही, ते रेफ्री ठरवणार. पहिले तीन सेकंद तो मनात मोजतो, शेवटचे पाच हात वर करून बोटांनी दाखवतो. पोरांसाठी मी लिहिलं: "रेफ्रीचा हात वर दिसला = पाच उरले." मला विचाराल तर आख्ख्या कागदातली कामाची ओळ हीच आहे. कारण मॅचमध्ये कोण आठ मोजत बसतंय, हात मात्र दिसतो.

अजून एक म्हणजे बॉल जमिनीवर टप्पा मारला किंवा हवेत उडवून झेलला तरी तो ताब्यातच धरतात, मोजणी नव्याने सुरू होत नाही. हे लिहिणं गरजेचं होतं कारण आमच्या कीपरचा पहिला प्रश्न हाच होता, "दादा, मधे एकदा टप्पा मारला की परत आठ ना?" नाही रे बाबा. आणि कॉर्नर कुठल्या बाजूचा, तर कीपर उभा होता त्याच्या जवळच्या बाजूचा. ही माहिती नियमाच्या दुसऱ्याच प्रकरणात आहे, कॉर्नरच्या. कीपरचा नियम बाराव्या कलमात, कॉर्नरचा सतराव्यात. म्हणून नोटीसमधली एकच नोंद वाचून थांबू नका, त्याच बदलाचं शेपूट कुठे दुसरीकडे निघतंय का ते शोधा.

15 जूनला रविवार होता, पाऊस धो धो, मैदान बंद, म्हणून पोरांना तालमीत बसवून ड्राफ्ट वाचायला दिला. नुसतं वाचायला नाही, चार प्रसंग लिहून दिले आणि कागद बघून उत्तर द्या म्हटलं. हे करा म्हणजे कराच. मी समजावून सांगितलं असतं तर सगळ्यांनी "हो दादा कळलं" म्हटलं असतं आणि विषय संपला असता.

तिसरा प्रसंग असा होता: बॅकने मुद्दाम पायाने कीपरला पास दिला आणि कीपरने तो हातात घेतला. अकरापैकी सात जणांनी लिहिलं, कॉर्नर.

बॅकपासला आजही इनडायरेक्ट फ्री किकच आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही. पण माझ्या कागदावर "कीपरने हाताने चूक केली तर आता कॉर्नर" असं ढोबळ वाक्य होतं, छोटं करायच्या नादात मीच ते बिघडवलं होतं. तेव्हा टेबलाखाली एक वेगळी चौकट टाकली, "हे बदललेलं नाही". त्यात दोनच ओळी. बॅकपास हातात घेतला तर इनडायरेक्ट फ्री किक, पहिल्यासारखंच. आणि बॉल कीपरच्या हातात असताना त्याला चॅलेंज करायचं नाही, हे पण पहिल्यासारखंच. नोटीसमध्ये अशी चौकट नसते कारण ती फक्त बदलांची असते, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात बदल शेजारच्या नियमात पण सांडतो.

दुसरी गोष्ट ड्रॉप बॉल, म्हणजे थांबलेला खेळ रेफ्री बॉल जमिनीवर टाकून परत सुरू करतो ते. ही मला सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेली कारण इंग्रजी वाक्य लांबलचक आहे. सोप्यात सांगतो. समजा रेफ्रीने खेळ थांबवला, कुणाच्या डोक्याला लागलं म्हणून, आणि बॉल बॉक्सच्या बाहेर होता. जुन्या नियमात बघायचे शेवटचा पाय कुणाचा लागला, त्या टीमला ड्रॉप. आता बघायचं बॉल कुणाकडे होता किंवा कुणाकडे जाणार होता, आणि ते रेफ्रीला स्पष्ट दिसत असेल तर त्या टीमला. स्पष्ट नसेल तर पुन्हा जुनंच, शेवटचा पाय. बॉल थांबवताना बॉक्समध्ये असेल तर बचाव करणाऱ्या कीपरला, त्यात फरक नाही.

हे असं लिहून दिलं तर सगळ्यांनी मान डोलावली आणि कुणालाच कळलं नाही. मग प्रसंग लिहिला. लाल टीमच्या बॅकने बॉल उंच उडवला, खाली निळ्याचा मिडफिल्डर एकटाच उभा आहे, आजूबाजूला वीस पावलं कोणी नाही, तेवढ्यात शिट्टी. जुन्याप्रमाणे लालला, कारण शेवटचा पाय लालचा. नव्याप्रमाणे निळ्याला. एवढं वाचल्यावर एक पोरगं म्हणालं, "मग आधी येड्यागत लालला का देत होते?" तोच तर मुद्दा आहे भावा. कागदावर जुन्या-नव्याच्या रकान्यात मी नियमाचं वाक्य काढूनच टाकलं आणि दोन्हीकडे हाच एक प्रसंग ठेवला, डावीकडे "लालला", उजवीकडे "निळ्याला". एकच प्रसंग दोन्ही रकान्यात ठेवला की फरक डोळ्याला दिसतो, वेगवेगळी उदाहरणं घेतली की नाही दिसत.

तिसरी बेंचवरच्यांची. बॉल बाहेर जातोच आहे आणि वॉर्मअप करणाऱ्या सबने तो लाईन ओलांडायच्या आधीच पायाने अडवला, थ्रो लवकर व्हावा म्हणून. आमच्याकडे हे दर मॅचला होतं, कोच लोक पण करतात. जुन्या नियमात ही डायरेक्ट फ्री किक, आणि बॉक्सच्या आत असेल तर चक्क पेनल्टी. कुणाला खरं वाटत नाही म्हणून सांगतो, 2019 मध्ये जर्मनीच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये कीलच्या एका सबने गोलच्या बाजूला वॉर्मअप करताना बाहेर चाललेला बॉल अडवला आणि बोखुमला पेनल्टी मिळाली होती. आता खेळात खोडा घालण्याचा हेतू नसेल आणि बॉल बाहेरच चालला असेल तर इनडायरेक्ट फ्री किक आणि कार्ड नाही. मुद्दाम खोडा घालायला अडवला तर मात्र ही सूट नाही, आणि हे "मुद्दाम" वालं मी लाल पेनने लिहिलं, नाहीतर बेंचवरची आमची मंडळी नियमाचा काय अर्थ काढतील सांगता येत नाही.

चौथी टायब्रेकरची, आणि ही तर मूळ पीडीएफमध्ये नव्हतीच! मार्चमध्ये माद्रिदच्या दोन टीमच्या मॅचमध्ये आल्वारेझची पेनल्टी आठवते ना, 12 मार्च, पाय घसरला, बॉल दोन्ही पायांना लागून आत गेला आणि बाद धरला. त्यावर आयफॅबने जूनच्या सुरुवातीला वेगळं पत्रक काढलं. चुकून दोन्ही पाय लागले आणि गोल झाला तर पेनल्टी परत मारायची. गोल झाला नाही तर परत नाही, टायब्रेकरमध्ये ती मिस धरणार. मला हे एका ओळखीच्या रेफ्री काकांनी सांगितलं, नाहीतर माझा कागद पहिल्याच दिवशी अर्धवट. इथे "जुना नियम" रकान्यात काय लिहावं हेच कळेना, कारण पुस्तकात चुकून दोन पाय लागण्याबद्दल वेगळं असं काही नव्हतंच. दोन दिवस घोळवून शेवटी लिहिलं, "आधी स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, बाद धरत होते." मला वाटतं रकाना भरायचा म्हणून जुना नियम बनवून टाकण्यापेक्षा हे बरं.

त्याच काकांनी अजून एक ओळ खोडायला लावली. मी लिहिलेलं की आता रेफ्रीशी फक्त कॅप्टनच बोलणार. काका म्हणाले, "ते स्पर्धेने लागू केलं तर. वाक्यात बघ, करू शकतात असं आहे, करायचंच असं नाही." खरंच तसं होतं. तेव्हापासून अशा नोटीसमध्ये मी आधी "करू शकतात" वाली वाक्यं पेन्सिलने गोल करतो, ती जुन्या-नव्यात येतच नाहीत, त्यांचं उत्तर आयोजकांकडे असतं.

आता राहिला तिसरा रकाना, कधीपासून. सरांच्या "बास" मधला सगळ्यात छोटा भाग आणि त्यानेच माझे नऊ दिवस घेतले.

नोटीसवर तारीख आहे 1 जुलै 2025. पण 15 तारखेलाच पहाटे अमेरिकेतला क्लब वर्ल्ड कप सुरू झाला आणि तिथे नवीन नियम आधीच लावलेले. पोरं टीव्हीवर बघून आलेली, "दादा सुरू झालंय की, तुम्ही जुलै काय लिहिलंय." आणि आमचं स्वतःचं म्हणाल तर अंडर-17 पोरांची बाहेरगावी एक स्पर्धा होती, 27 जून ते 6 जुलै. म्हणजे 1 जुलै बरोब्बर मधोमध. पहिली मॅच जुन्या नियमाने आणि मग मंगळवारपासून नव्या? असं मी खरंच ड्राफ्टमध्ये लिहिलेलं, आता हसू येतं.

तारखेच्या खालचं बारीक वाक्य वाचलं तेव्हा उलगडा झाला. 1 जुलैच्या आधी सुरू होणारी स्पर्धा नवे नियम आधीच लावू शकते, किंवा ती स्पर्धा पूर्ण होईपर्यंत जुन्यावर चालू शकते, पण पुढची स्पर्धा सुरू होताना मात्र नवे घ्यायलाच लागतात. म्हणजे तारीख मॅचची बघायची नाही, स्पर्धेच्या सुरुवातीची बघायची. आणि 27 जूनला सुरू होणाऱ्या आमच्या स्पर्धेसाठी पुस्तकात उत्तरच नाही, आयोजकच सांगणार.

17 तारखेला आयोजकांना फोन केला, पलीकडचे म्हणाले "नवीनच हो, सगळीकडे नवीनच आहे". मला तो आवाज काही पटला नाही. म्हणून व्हॉट्सॲपवर एका ओळीचा प्रश्न लिहून पाठवला: कीपरने आठ सेकंदापेक्षा जास्त बॉल धरला तर तुमच्या स्पर्धेत कॉर्नर देणार का, हो की नाही. निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. 20 ला परत, 23 ला परत. राग येत होता पण करणार काय, त्यांचं पण मैदान पावसाने गेलेलं. 26 जूनला दुपारी, म्हणजे स्पर्धेच्या आदल्या दिवशी, उत्तर आलं: "आमचे रेफ्री अजून ट्रेन नाहीत. पूर्ण स्पर्धा जुन्या नियमाने." फोनवरच्या बरोब्बर उलटं! "नवीन नियम लागू आहेत का" असं विचारलं असतं तर लेखी पण "हो" च आलं असतं असं मला वाटतं, एका ठराविक प्रसंगाचं विचारलं म्हणून त्यांना खरंच रेफ्रींना विचारावं लागलं.

मग तिसऱ्या रकान्यात दोन ओळी गेल्या. "27 जूनची स्पर्धा: फायनलपर्यंत जुने नियम (आयोजकांचा मेसेज, 26 जून)." आणि "1 जुलैनंतर सुरू होणारी प्रत्येक स्पर्धा: नवे." आमचा कोल्हापूरचा सीझन पावसाळ्यानंतर असतो त्यामुळे शाहू स्टेडियमला उतरताना नवेच, तिथे प्रश्न नव्हता. कुणी सांगितलं आणि कधी सांगितलं ते कंसात लिहायची सवय लावून घ्या, मैदानावर वाद झाला की तोच कंस दाखवता येतो.

खर्च म्हणाल तर किरकोळ. प्रिंट आणि तीस झेरॉक्स मिळून 70 रुपये, डगआऊटला लावायला एक लॅमिनेशन 40 ला, आणि रेफ्री काकांना दोन वेळा चहा-मिसळ, तो हिशोबात धरत नाही. फाँट मोठा ठेवा, मी पहिली प्रिंट बारीक काढलेली ती सरांनी हातभर लांब धरून वाचायचा प्रयत्न केला आणि परत दिली.

स्पर्धेत दुसऱ्या मॅचला, म्हणजे 1 जुलैलाच, समोरच्या टीमचा कोच आमच्या कीपरकडे बोट दाखवून "आठ सेकंद, आठ सेकंद, कॉर्नर द्या" करून ओरडायला लागला. सर उठले, लॅमिनेट केलेला कागद घेऊन चौथ्या रेफ्रीकडे गेले, तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि काही न बोलता परत येऊन बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कीपरला सांग, आज जुनं हाय, पण तू आपलं आठातच टाक."